e^(x²) चं इंटिग्रेशन: सिरीजची पाच पदं की सिम्पसनच्या पाच किमती?

जुळे सोलापुरात माझ्या संध्याकाळच्या बॅचला फर्स्ट इयरची मुलं येतात. "सर, e^(x²) आलं की सिरीज लावू का सिम्पसन?" हे दर वर्षी कोणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे, कारण e^(x²) चं इंटिग्रल ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. अंदाजे किंमतच काढावी लागते. म्हणून दोन्हींना सारखीच मेहनत देऊन बघू: सिरीजची पाच पदं आणि सिम्पसनसाठी फंक्शनच्या पाच किमती, म्हणजे चार पट्ट्या.

सिरीज काढताना डेरिव्हेटिव्ह घेत बसू नका. चौथं डेरिव्हेटिव्ह (16x⁴ + 48x² + 12)e^(x²) येतं. x = 0 ला त्याची किंमत १२, तिला 4! ने भागलं की x⁴ चा सहगुणक १/२. एवढं करून हाती फक्त तिसरं पद लागतं. त्याऐवजी e^u = 1 + u + u²/2! + u³/3! + … मध्ये u च्या जागी x² ठेवा:

e^(x²) = 1 + x² + x⁴/2 + x⁶/6 + x⁸/24 + …

e^u ची सिरीज प्रत्येक u साठी अभिसारी आहे, म्हणून ही प्रत्येक x साठी चालते. आता पदागणिक इंटिग्रेट करा. ० ते b पर्यंत मिळतं:

b + b³/3 + b⁵/10 + b⁷/42 + b⁹/216 + …

इथे एक चूक फार होते. मुलं u मध्येच इंटिग्रेट करतात आणि शेवटी x² घालतात. मग ० ते १ साठी उत्तर १.७१८ येतं, जे e − 1 आहे. dx आणि du एकच समजल्याचा हा परिणाम. ओळखायचं कसं? e^(x²) सम फंक्शन आहे, त्यामुळे शून्यापासूनच्या इंटिग्रलमध्ये फक्त विषम घात येतात. सम घात दिसला की थांबा आणि मागे जा.

आता दोघांचे आकडे:

| वरची मर्यादा | सिरीज, ५ पदं | सिम्पसन, ५ किमती | खरी किंमत |
|---|---|---|---|
| ०.५ | ०.५४४९८६७ | ०.५४४९९९० | ०.५४४९८७१ |
| १ | १.४६१७७ | १.४६३७१ | १.४६२६५ |
| २ | १३.२८ | १७.३५ | १६.४५ |

०.५ ला सिरीज खूपच पुढे आहे, १ ला दोघं जवळजवळ बरोबरीत, आणि २ ला सिरीज पार मागे पडते. कारण पदांतच दिसतं. b = 2 ला पदं २, २.६७, ३.२, ३.०५, २.३७ अशी येतात: आधी वाढतात, मग कुठे उतरू लागतात. सिरीज अभिसारी आहेच, पण पाच पदांत तिला उतरणीची नुसती सुरुवात सापडते. तीन दशांश स्थळं खात्रीने हवी असतील तर पंधराएक पदं लिहावी लागतील.

माझ्या मते निवड ठरवताना यापेक्षाही मोठा मुद्दा म्हणजे चूक किती आहे हे खरी किंमत माहीत नसताना सांगता येणं. b = 1 ला सिरीजचं सहावं पद १/१३२० आहे आणि पुढचं प्रत्येक पद मागच्याच्या १/६ पेक्षा लहान. म्हणून उरलेली सगळी बेरीज (१/१३२०) × (६/५), म्हणजे १/११०० पेक्षा कमी. एका ओळीत काम झालं. सगळी पदं धन असल्याने इथे एकांतर चिन्हांच्या सिरीजचा नियम मात्र लावू नका. "चूक पुढच्या पदापेक्षा लहान" हे e^(−x²) ला चालतं, याला नाही.

सिम्पसनच्या चुकीची मर्यादा काढायला चौथं डेरिव्हेटिव्ह लागतं, म्हणजे जे टाळलं तेच परत करावं लागतं. x = 1 ला ते 76e, सुमारे २०६.६, सूत्रात घातलं की मर्यादा ०.००४५ येते, खरी चूक ०.००११ असताना. पण एक छान गोष्ट: चौथं डेरिव्हेटिव्ह इथे कायम धन आहे, म्हणून सिम्पसन नेहमी थोडं जास्तच दाखवतो, आणि सिरीज नेहमी थोडं कमी. वेळ असेल तर दोन्ही करा. खरी किंमत त्या दोघांच्या मधेच असते.

तर वरची मर्यादा १ किंवा कमी असेल आणि चुकीची हमी मागितली असेल, तर सिरीज घ्या. मर्यादा १ च्या बरीच पुढे गेली, की सिम्पसन घ्या आणि पट्ट्या वाढवा.

e^(cos x) आलं तर पुन्हा विचार करा. x = 0 ला cos x शून्य नसून १ आहे, त्यामुळे u = cos x ठेवलं तर प्रत्येक सहगुणक हीच एक अनंत बेरीज होऊन बसते. आधी e · e^(cos x − 1) असं लिहा, मग u = cos x − 1 ठेवा; e(1 − x²/2 + x⁴/6 − …) मिळतं. तिथे मी स्वतः बहुतेक वेळा कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून सिम्पसनच करतो.