कुलरला गवत बसवायचं की हनीकोंब? सांगलीच्या उन्हाळ्यात दोन्ही वापरून झाल्यावर

मार्च सुरू झाला की गणपती पेठेत कुलरच्या गवताचे गठ्ठे दिसायला लागतात आणि जुन्या डेझर्ट कुलरवाल्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो, यंदा पण गवतच भरायचं का एकदाचे पैसे घालून हनीकोंबचं कागदी पॅड बसवून टाकायचं. मी एकाच पत्र्याच्या कुलरला आधी गवत आणि नंतर हनीकोंब असं दोन्ही वापरलंय, कुलर तोच, खोली तीच, फॅन पण तोच, त्यामुळे फरक बऱ्यापैकी कळलाय असं वाटतं. मोजमाप काही केलेलं नाही, रोजच्या वापरातून जे जाणवलं तेच लिहितोय.

थंडाव्याचं आधी सांगतो. नवं गवत चांगलं दाबून, सगळीकडं सारखं भरलं असेल तर पहिले काही आठवडे हनीकोंबपेक्षा ते फार मागं पडत नाही. अडचण त्यानंतर येते. गवत भिजून जड होतं आणि जाळीत हळूहळू खाली बसतं, वरच्या बाजूला तीन-चार बोटं मोकळी पट्टी तयार होते, आणि हवा नेहमी सोप्या वाटेनं जाते म्हणजे त्या मोकळ्या पट्टीतूनच गरम हवा सरळ आत येते. कुलरचा आवाज तोच, पाणी पण पडतंय, पण खोलीत पूर्वीसारखं वाटत नाही, असं झालं की मागचा दरवाजा काढून पॅडची आतली बाजू बघा. जिथं गवत फिकट, कोरडं दिसतंय किंवा उजेड आरपार येतोय तिथूनच थंडावा गळतोय. ती जागा मूठभर गवत घालून भरता येते पण पंधरा-वीस दिवसांनी परत तेच.

हे एवढंच असतं तर मी कदाचित गवतावरच राहिलो असतो, कारण खर्च खरंच कमी आहे आणि पहिल्या पाण्याचा तो ओल्या लाकडाचा वास मला आवडतो. (आपण गवत म्हणतो पण बहुतेक ते लाकडाचे बारीक सोललेले तंतू असतात, वाळ्याचं वेगळं आणि महाग.) मला ज्यानं वैताग आणला तो म्हणजे गवताचा कचरा. हे तंतू वाळले की मोडतात आणि पाण्याबरोबर टाकीत येतात, टाकीतून पंपाच्या जाळीवर. जाळीवर आधी एक पातळ थर बसतो, मग पंपाला पाणी कमी मिळतं, वरच्या पाईपला पाणी पोचतं पण जोर नसतो, आणि जे बारीक तुकडे जाळीतून निसटतात ते वरच्या पन्हाळीच्या भोकांत जाऊन बसतात. एक भोक बंद झालं की त्याच्याखाली पॅडवर वरपासून खालपर्यंत एक उभी कोरडी पट्टी. आणि हे हमखास रात्री होतं, कारण संध्याकाळी टाकी भरताना ढवळलेला कचरा रात्रभर जाळीकडं ओढला जातो, मग मध्यरात्री घामानं जाग येते आणि कुलर नुसती गरम हवा फेकत असतो.

पंप बंद पडला म्हणून लगेच नवा आणायची गरज नसते हे पण सांगून ठेवतो. घरगुती कुलरच्या छोट्या पाण्यातल्या पंपात आत एक लोहचुंबकाचा गोल तुकडा आणि त्याला चिकटलेला पंखा असतो, बस. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, टाकीत हात घालायचाय. पंपाचं पुढचं झाकण ओढलं की निघतं, चुंबक बोटानं बाहेर ओढायचा. पंप गुणगुणतोय पण पाणी येत नाही असं असेल तर चुंबकाच्या दांडीभोवती तंतू गुंडाळलेला किंवा क्षाराचा पांढरा थर धरलेला सापडतो. तंतू चिमट्यानं काढा, थर असेल तर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून जुन्या टूथब्रशनं घासा, परत बसवा. चुंबक बोटानं फिरवला की अडखळत फिरला पाहिजे, चुंबकाचे ते झटके साहजिक आहेत, पण घासल्यासारखा जड लागता कामा नये. गुणगुण सुद्धा येत नसेल तर मात्र कॉईल जळलीय, आणि ती बहुतेक वेळा पाणी संपून पंप कोरडा चालल्यानं जळते.

गवत असताना ही पंपाची साफसफाई दर आठवड्याला मागं लागलेली असायची. पंपाला बायकांच्या जुन्या पायमोज्यासारखं बारीक जाळीचं कापड बांधून बघितलं, त्यानं कचरा अडतो पण कापडच चोंदतं, म्हणजे काम तेच, नुसतं बाहेरच्या बाजूला. हनीकोंब बसवल्यावर हा भाग जवळजवळ संपला. त्या कागदी पॅडमधून तंतू सुटत नाहीत, पॅड खाली बसत नाही, वरची भोकं महिनोन्महिने मोकळी राहतात. माझ्यासाठी निकाल इथंच लागला, थंडाव्यात नाही.

पण हनीकोंबचा शत्रू वेगळा आहे, पाणी. कुलरमधून फक्त पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. समजा साठ लिटरची टाकी आहे आणि आपण ती न सांडता नुसती वरून भरत राहिलो, असं पाच टाक्या पाणी उडालं तर सहा टाक्यांचे क्षार एका टाकीत गोळा झालेले असतात. ते पॅडच्या बाहेरच्या तोंडावर, जिथं कोरडी हवा आधी लागते तिथं, पांढरे धरतात आणि एकदा कडक झाले की कागदाची भोकं लहान होत जातात. आमच्याकडं महानगरपालिकेचं कृष्णेचं पाणी असतं त्यामुळं चालून जातं. जतला आमच्या दाजींकडं बोरचं जड पाणी, त्यांना मी हनीकोंब सुचवलं तर म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या त्या कागदाची माझं पाणी दोन महिन्यांत भिंत करंल, माझं गवतच बरं, चुना धरला की उकिरड्यावर." आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्यांना फक्त बोरचं पाणी आहे आणि भांड्यांना, नळांना लगेच पांढरं धरतं त्यांनी गवतच भरावं, दरवर्षी बदलायचंच असेल तर स्वस्त वस्तू बदललेली बरी.

टाकीची काळजी दोन्हीला सारखीच. तीन-चार दिवसांनी, निदान आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, तळाचं बूच काढून, आणि बाजू ब्रशनं घासायच्या. नुसतं पाणी सोडून उपयोग नाही कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, परत पाणी आलं की अळ्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून तो आठवड्याचा कोरडा दिवस. शिवाय झोपेतून उठल्यावर आधी पंप बंद करून फॅन पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू ठेवायचा, पॅड वाळतं, मग ना शेवाळ ना तो कुबट वास.

आता ज्या तक्रारीवरून लोक पॅड बदलतात ती, म्हणजे मे संपत आला, वळवाचे दोन पाऊस झाले आणि कुलर गार करेनासा झाला. यात पॅडचा दोष नसतो. तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर विचारा, आभाळ आलं, हवा दमट झाली की द्राक्षं वाळायची थांबतात, कुलरचं पॅड पण त्याच हवेवर जगतं. हवेत पाणी मुरायला जागा नसेल तर पाणी उडणार नाही, आणि पाणी उडलं नाही तर हवा गार होणार नाही.

आकड्यात बघा. एप्रिलची दुपार, बाहेर ४० डिग्री आणि हवेत २० टक्के आर्द्रता. अशा हवेत ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला तर तो साधारण साडेबावीसपर्यंत उतरतो, आणि कुठलाही कुलर याच्याखाली जाऊ शकत नाही. म्हणजे हातात साडेसतरा डिग्री आहेत. गवत त्यातले सत्तर टक्के मिळवून देतं असं धरलं तर हवा २८ ला येते, हनीकोंब ऐंशी टक्के देतं धरलं तर २६ ला. हा दोन डिग्रीचा फरक अंगाला कळतो. आता जूनची संध्याकाळ घ्या, ३४ डिग्री आणि ६५ टक्के. ओला थर्मामीटर साडेअठ्ठावीसलाच थांबतो, हातात फक्त साडेपाच डिग्री. गवतानं ३०, हनीकोंबनं साडेएकोणतीस. अर्ध्या डिग्रीसाठी कोणी पैसे घालू नयेत, म्हणजे दमट हवेत कुलर चालत नाही म्हणून हनीकोंब घेणार असाल तर घेऊ नका, तिथं दोन्ही सारखेच हात टेकतात.

त्यात खिडकी-दार बंद असेल तर कुलरनंच सोडलेली ओल खोलीत साठत जाते आणि परत अंग चिकट. समोरची खिडकी निदान वीतभर उघडी पाहिजे, हवा आली तेवढी बाहेर गेली पाहिजे, आणि कुलर स्वतः खिडकीत बाहेरची हवा ओढणारा पाहिजे, खोलीतलीच हवा फिरवणारा नको. पावसाळी दिवसांत मी पंप बंद करून नुसता फॅन लावतो, घाम वाळायला त्याचा जास्त उपयोग होतो. काहीजण टाकीत बर्फ टाकतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडताना घेतं, आणि कोरड्या दुपारी कुलर तासाला पाच-सहा लिटर पाणी सहज उडवतो, त्यात किलोभर बर्फानं फार काही साधत नाही.

तर माझं मत, जमेल तसं घ्या. नळाचं पाणी असेल आणि मार्च ते मे रोज कुलर लावत असाल तर मी हनीकोंबच घेईन, दोन-तीन उन्हाळे टाकी वेळेवर रिकामी करत गेलात तर पैसे वसूल होतात आणि रात्रीची झोप मोडत नाही. वर्षातून पंधरा दिवसच कुलर निघत असेल किंवा बोरचं पाणी असेल तर गवत ठीक आहे. घेताना आपल्या फ्रेमची खोली मोजून न्या, गवताच्या जाळीच्या फ्रेममध्ये जाड हनीकोंब बसत नाही, पत्रा कापून घ्यावा लागतो. आणि पॅडमध्ये दोन तिरक्या रेघा असतात, एक जास्त उभी, एक जरा आडवी. जास्त उभी रेघ बाहेरच्या बाजूला खाली उतरती यायला पाहिजे, म्हणजे आत येणारी हवा पाणी आत ढकलते तेव्हा ते परत बाहेरच्या तोंडाकडं येतं. उलटं बसवलं तर फॅनमधून अंगावर पाण्याचे थेंब उडतात आणि फिटिंगवाला म्हणतो पंपाचा जोर जास्त आहे.