अ‍ॅपवरचं किचन की महिन्याचे डबे?

माझा भाचा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहतो. नोकरी सोडून घरच्याच स्वयंपाकघरातून जेवणाचा धंदा सुरू करायचं त्याने ठरवलं आहे. परवा आला आणि म्हणाला, "आत्या, अ‍ॅपवर थाळी टाकू की डबे सुरू करू? अ‍ॅपवर तर पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक मिळते न!" त्याचं म्हणणं खरं आहे. मी दोन्ही धंदे केले आहेत. म्हणून त्याच्यासमोर वही उघडली आणि त्याच्याच थाळीचा हिशेब मांडला.

आधी अ‍ॅप घेऊ. दोन भाज्या, वरण-भात, पोळ्या आणि पाटोडीची छोटी वाटी असलेल्या थाळीचा भाव त्याने १८० रुपये धरला होता. नवीन किचनला वर दिसायचं तर सवलत द्यावीच लागते. १५ टक्के सवलत दिली की हातात राहतात १५३. त्यावर करारातलं कमिशन २२ टक्के, म्हणजे साधारण ३४ रुपये. या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, आणखी ६. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपच भरतं, त्याची चिंता नाही. पण कमिशनवरचा जीएसटी छोट्या, नोंदणी नसलेल्या किचनला परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. एकूण ४० रुपये गेले, उरले ११३. यातून किराणा-भाजीचे ६२, पॅकिंगचे १२, गॅस-विजेचे ६ आणि मदतनीस बाईंच्या पगाराचे १८, असे ९८ वजा केले की एका थाळीमागे १५ रुपये राहतात. दिवसाला ४० थाळ्या गेल्या तर ६०० रुपये. सुरुवातीला वाईट नाही.

आता समज, कमिशन २२ चं २७ झालं. भाचा म्हणाला, "पाचच टक्के तर आहे." इथेच सगळे फसतात. कमिशन नफ्यावर नसतं, विक्रीवर असतं. जीएसटी धरून कटौती ४० वरून ४९ वर जाते आणि १५ रुपयांतले ९ निघून जातात. विकलेला माल तेवढाच, मेहनत तेवढीच, आणि दिवसाचे ६०० होतात २५० च्या आसपास. भाव वाढवून हे भरून काढावं म्हटलं तर तेही सरळ नाही. वाढवलेल्या रुपयातूनही आधी सवलत जाते, मग कमिशन जातं. गेलेले ९ रुपये परत मिळवायला थाळीचा भाव १६ रुपयांनी वाढवावा लागतो, आणि त्याच गल्लीतली दुसरी थाळी तेव्हा १८० लाच दिसत असते.

माझ्या बाबतीत हा बदल एका रात्री ई-मेलने आला होता. अटी बदलल्या आहेत, मान्य नसतील तर कळवा, असं लिहिलेलं. ती मेल मी वाचली नाही. दोन आठवड्यांनी बँकेत पैसे कमी दिसले तेव्हा जाऊन शोधली. म्हणून अ‍ॅपवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एक आकडा दर आठवड्याला वहीत लिहायला सांगते: मेनूच्या भावाने किती माल विकला आणि त्यातले बँकेत किती आले. वरच्या थाळीत १८० पैकी ११३ येतात, म्हणजे शंभरातले ६३. तो आकडा ५८ वर आला तर काहीतरी बदललं आहे. कमिशन असो, जाहिरातीची कटौती असो की परताव्याची, कारण नंतर शोधता येतं, पण घसरण त्याच आठवड्यात कळते.

कमिशनपेक्षाही मला जास्त बोचलं ते दुसरंच. सहा महिने ज्यांना जेवू घातलं त्यातल्या एकाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. ऑर्डरवर नाव असतं, पण फोन केला तर तो अ‍ॅपमधून फिरून जातो आणि ऑर्डर संपली की तो धागाही तुटतो. त्यामुळे अ‍ॅप सोडायचं म्हटलं तरी सोडून जाणार कुठे?

आता डबा. एका वेळचा डबा, महिन्याचे २६ दिवस, २६०० रुपये. म्हणजे डब्याला १०० रुपये. थाळीपेक्षा हे फार कमी वाटतं. पण इथे सवलत नाही, कमिशन नाही, डबा स्टीलचा म्हणून पॅकिंग नाही, आणि उद्या किती पोळ्या लागतील ते आज रात्रीच माहीत असल्यामुळे वायाही फारसं जात नाही. जेवणही साधं असतं. किराणा-भाजी ४८, गॅस ५, बाईंचा पगार १४ आणि पोचवणाऱ्या मुलाचे १५ धरले तर ८२ होतात. उरतात १८. शंभराच्या डब्यात १८० च्या थाळीपेक्षा जास्त राहतं, हे भाच्याला पटेना. त्याने स्वतः दोनदा बेरीज केली.

डब्याचा त्रास वेगळा आहे आणि तो आधीच माहीत असावा. प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन डबे लागतात, एक जातो तेव्हा दुसरा परत येतो. ४० जणांचे ८० डबे, साडेतीनशेचा एक धरला तरी २८ हजार रुपये आधीच घालावे लागतात. ४० गिऱ्हाईक जमायला दोन-तीन महिने जातात. खाड्याचा नियम पहिल्या दिवशीच सांगावा लागतो: आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तरच पैसे वजा. नाहीतर महिनाअखेरीस प्रत्येकाशी वाद. पैसे आगाऊ घ्यायचे, कारण उधारी थकली की पोरगा रूम बदलून निघून जातो. आणि आपल्याकडचा मे महिना! पोरं गावाला गेलेली असतात, वरून उन्हात ठेवलेलं वरण दुपारी दोनपर्यंत आंबतं. त्या महिन्यात मी डबे साडेअकराच्या आत पोचवते, आणि कांदा-टोमॅटोची ओली ग्रेव्ही बंद करून झुणका नाहीतर सुकी भाजी देते.

पण भाव कोण ठरवतं ते पाहा. तूरडाळ महागली तेव्हा मी सगळ्यांना पंधरा दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून महिन्याचे शंभर रुपये वाढवले. दोन जण सुटले, बाकीचे राहिले. सगळे नंबर माझ्या वहीत लिहिलेले आहेत, फोन हरवला तरी धंदा हरवत नाही.

भाच्याने मग तिसरा रस्ता काढला. आयटी पार्कमधली एक कंपनी रोज ३५ डबे घ्यायला तयार आहे, बाकी कटकट नको. त्यालाही मी थांबवलं. ४० पैकी ३५ एकाच दारातून जात असतील तर ते दार अ‍ॅपसारखंच. व्यवस्थापक बदलला, कँटीन आलं, की सकाळच्या एका फोनवर संपलं. अशा कंपनीचे १२-१५ घ्यावेत, बाकीचे परसोडी, प्रतापनगर, वानाडोंगरीच्या कॉलेजांजवळच्या खोल्या असे वाटून घ्यावेत.

अ‍ॅप अजिबात नको असंही मी म्हणत नाही. शनिवार-रविवारी डबे कमी असतात आणि लोकांना सावजी रस्सा हवा असतो, तेव्हा ते कामाचं आहे. माझ्या लेखी मर्यादा एवढीच की ते उद्या सकाळी बंद पडलं तरी बाईंचा पगार आणि घरभाडं बाकीच्या विक्रीतून निघालं पाहिजे. माझ्या एकूण विक्रीत अ‍ॅपचा वाटा एक चतुर्थांशाच्या वर गेला की मी रविवारचा मेनू आवरते.

भाच्याने सध्या २० डब्यांपुरतं भांडं घेतलं आहे. पुढच्या सोमवारी तो वानाडोंगरीला खोल्या असलेल्या गल्ल्यांतून फिरणार आहे, सोबत चवीसाठी दहा डबे घेऊन. अ‍ॅपची नोंदणी त्याने दिवाळीनंतर ठेवली आहे.