टी३ कमी आलाय: थायरॉईड बिघडलंय की शरीर उपाशी आहे?

ओळखीतल्या एका मुलीने परवा रिपोर्टचा फोटो पाठवला. वय २७, दहा आठवडे रोज ९०० कॅलरीच्या आसपास डाएट, वजन ९ किलो उतरलंय, पण आता दिवसभर थंडी वाजते, केस मूठभर गळतात, पोट साफ होत नाही आणि नाडी ५४. रिपोर्टमध्ये टी३, म्हणजे थायरॉईडचं प्रत्यक्ष काम करणारं हॉर्मोन, आलाय ६४, लॅबच्या ८० ते २०० च्या रेंजखाली, बाकी टीएसएच १.७ आणि फ्री टी४ १.१, दोन्ही एकदम नॉर्मल. जिममधल्या कोणीतरी सांगितलं की मेटाबॉलिझम बसलंय, टी३ ची गोळी चालू कर. तर घेऊ का, एवढाच प्रश्न.

माझं उत्तर नाही, आणि का ते कळायला दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघावे लागतात, एक खऱ्या हायपोथायरॉईडचा, म्हणजे ग्रंथीच कमी पडण्याच्या आजाराचा, आणि एक उपासमारीचा, कारण लक्षणं जवळपास तीच असतात. थंडी, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, मंद नाडी, थकवा, हे सगळं दोन्हीकडे. कोलेस्टेरॉलवरूनही ओळखायला जाऊ नका, हायपोथायरॉईडमध्ये ते वाढतं आणि अॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने माणूस खाणंच तोडतो त्या मानसिक आजारातसुद्धा, बऱ्याचदा वाढलेलंच सापडतं, बघणारा चक्रावून जातो.

फरक आहे तो कोण आधी पडतं यात. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी४ बनवते, आणि रक्तातला साधारण ८० टक्के टी३ हा ग्रंथीबाहेर, लिव्हर, किडनी, स्नायू अशा ठिकाणी टी४ मधून आयोडीनचा एक अणू काढून तयार होतो. बाहेरच्या कड्यावरचा अणू काढला तर कामाचा टी३, आतल्या कड्यावरचा काढला तर रिव्हर्स टी३, जो जवळजवळ काहीच काम करत नाही. आता ग्रंथीच खराब झाली तर टी४ कमी पडतो, मेंदूखालची पिट्यूटरी टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं हॉर्मोन, वाढवून ओरडायला लागते आणि शरीर उरलेल्या टी४ चा जमेल तेवढा टी३ करून घेतं, म्हणून खऱ्या आजारात टी३ सगळ्यात शेवटी पडतो. उपासमारीत बरोबर उलटं, टी३ सगळ्यात आधी पडतो, टी४ जागेवर असतो, रिव्हर्स टी३ वर जातो आणि टीएसएच शांत बसलेलं असतं. हिच्या रिपोर्टमध्ये हेच दिसतंय. कच्चा माल भरपूर आहे, शरीराने फक्त तो दुसऱ्या साच्यात ओतलाय.

उपास, डाएट आणि अॅनोरेक्सिया या तिघांमध्ये गोष्ट एकच, फक्त खोली वेगळी. पूर्ण उपास केला तर एक-दोन दिवसांतच टी३ घसरायला लागतो आणि थोड्याच दिवसांत निम्म्याच्या आसपास येऊ शकतो, चरबी अजून फारशी कमीही झालेली नसते. म्हणजे शरीर वजन बघून ठरवत नाही, आत येणारं अन्न बघून ठरवतं. लेप्टिन हे चरबीतून येणारं हॉर्मोन उपाशी राहिल्यावर चरबीच्या मानाने खूप लवकर खाली येतं आणि मेंदूला तोच निरोप जातो. परत खायला लागलं, विशेषतः कार्बोहायड्रेट, की टी३ काही दिवसांत वर येतो. कडक डाएटमध्ये घसरण तेवढी झपाट्याने होत नाही पण आठवडेच्या आठवडे रेंगाळते. आणि अॅनोरेक्सियात, जिथे हे महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे चालतं, तिथे टी४ सुद्धा रेंजच्या खालच्या टोकाला येतो आणि ग्रंथी सोनोग्राफीत लहान झालेली दिसू शकते. तरीही ग्रंथी आजारी नसते, काम कमी म्हणून आकसलेली असते.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, वजन साधारण चौथाईने उतरलं पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी खाली गेला, म्हणजे नुसतं शरीर लहान झालं म्हणून नव्हे, उरलेलं शरीरही काटकसरीने चालत होतं. टी३ तेव्हा कोणाला माहीतच नव्हता, तो सापडला १९५२ मध्ये.

आता गोळीचा मुद्दा. १९७० च्या दशकात उपाशी ठेवलेल्या माणसांना मुद्दाम बाहेरून टी३ देऊन बघितलं गेलं, आणि लघवीतून जाणारा नायट्रोजन वाढला. नायट्रोजन म्हणजे तुटलेलं प्रोटीन, म्हणजे स्नायू. थोडक्यात टी३ पडणं हा स्नायू वाचवायचा ब्रेक आहे आणि गोळी घेणं म्हणजे उतारावर तोच ब्रेक काढून टाकणं. वजनाचा काटा खाली जाईल, हो, पण जाईल ते मांस, आणि वरून हृदय जोरात पळायला लागेल. अॅनोरेक्सियात तर हे फारच वाईट, तिथे हृदयाचा स्नायू आधीच पातळ झालेला असतो, रक्तातलं पोटॅशियम कमी असू शकतं, आणि वजन उतरवायचं साधन म्हणून गोळीचा गैरवापर होण्याची भीती वेगळीच.

हे सगळं ‘बहुतेक’ वेळा खरं, नेहमी नाही. टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी४ कमी असेल तर डाएट चालू असो नसो, थायरॉईडचाच आजार समजायचा. फ्री टी४ स्पष्ट कमी आणि टीएसएच मात्र वाढलेलं नाही, तर पिट्यूटरी बघावी लागते, आणि इथे सकाळचं कॉर्टिसॉल फार कामाला येतं. अॅनोरेक्सियात ते नॉर्मल किंवा वरच असतं, पिट्यूटरी बिघडलेली असेल तर बऱ्याचदा खाली. अजून एक गंमत, केस गळतात म्हणून लोक बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतात आणि काही लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटं कमी आणि टी३-टी४ खोटे जास्त दिसतात, म्हणजे खरा कमी असलेला टी३ नॉर्मल छापून येऊ शकतो. टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा.

तिने गोळी घेतली नाही. डॉक्टरांना दाखवून हळूहळू १९०० कॅलरीपर्यंत खाणं वाढवलं, त्यात कार्बोहायड्रेट परत आणले. (वजन फारच खाली असेल तर हे घरी करू नका, खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम खायला दिलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि जिवावर बेतू शकतं, ते देखरेखीखालीच.) सहा आठवड्यांनी टी३ ९४, नाडी ६३, फ्री टी४ तेवढाच. टीएसएच मात्र १.७ वरून ३.४ झालं आणि ती परत घाबरली, पण सावरताना ते काही काळ वर सरकतं, म्हणून तेवढ्यावर लगेच शिक्का मारायचा नसतो, दोन महिन्यांनी परत बघायचं. थंडी पहिल्या पंधरवड्यातच गेली होती. केस अजून गळतायत, कारण आत्ता पडणारा केस दोन-तीन महिन्यांपूर्वीच मुळाशी थांबलेला असतो, त्याला आजचं जेवण कळलेलंच नाही.