दीड जीबीत लुडो की बुद्धिबळ?

दोन्ही खेळांत चालीचा डेटा नगण्यच, कारण फासा किंवा 'घोडा एफ३' एवढंच पाठवायचं असतं. पॅक खातात त्या फुकट लुडोतल्या डावांमधल्या व्हिडिओ जाहिराती. लिचेस या बुद्धिबळाच्या ॲपवर जाहिरातीच नाहीत. एका डावाआधी आणि नंतर सेटिंग्जमधला त्या ॲपचा डेटा वापर बघा, फरक लगेच कळेल.

पण लोकलमध्ये मध्येच रेंज गेली तरी बुद्धिबळाचं घड्याळ थांबत नाही. तीन मिनिटांचा डाव तिथे हरलाच म्हणा. म्हणून लोकलमध्ये मी पत्रव्यवहारी डाव लावतो, एका चालीला एक दिवस मिळतो. चार मित्र मात्र लुडोच मागतात. तेव्हा एकाच फोनवर, डेटा बंद करून.