‘तुझ्या निळ्या डोळ्यांच्या समुद्रात’

तेहतीस वर्षं मी नागपुरात मराठी शिकवलं. आठवी-नववीच्या वह्यांचे गठ्ठे घरी आणून तपासायचे. कुणी कुणाचा निबंध उतरवलाय, हे दुसऱ्या ओळीलाच कळायचं. आणि त्याच मी, निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, उतरवलेल्या निबंधांवर भाळून एक लाख सत्तावन्न हजार रुपये घालवले. हे लिहिताना अजूनही कान तापतात. पण माझ्या ओळखीच्या दोघींना हल्ली प्रेमाचे असेच फसवे मेसेज येताहेत असं कळलं, म्हणून लिहिते आहे.

फेसबुकवर जुन्या गाण्यांच्या एका ग्रुपमध्ये त्याची ओळख झाली. जहाजावर इंजिनियर, बायको वारलेली, मुलगी हॉस्टेलला. आई मराठी होती, पण लहानपणीच लंडनला गेलो, मराठी विसरलो, आता तुझ्यासाठी पुन्हा शिकतोय, असं त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक चुकीची माफी त्याने आधीच मागून ठेवली होती. मास्तरणीला शिकणारा विद्यार्थी मिळाला, आणखी काय हवं होतं?

मग रोज सकाळी सहा-चाळीसला मेसेज यायला लागले. ‘शुभ सकाळ माझी राणी. तुझ्या निळ्या डोळ्यांच्या समुद्रात मी बुडून गेलो आहे. तू माझ्या हृदयाला गरम करतेस. तुझ्याशिवाय मी शरद ऋतूतील गळणारे पान आहे. मी तुझ्यासाठी पडलो आहे आणि मला उठायचे नाही. तुमचा दिवस आशीर्वादित असो.’

आता एकेक ओळ बघा. माझे डोळे आमच्या घरात सगळ्यांचे आहेत तसेच, काळेभोर. ‘कविता आहे, चालायचंच,’ म्हणून मी सोडून दिलं. हृदय गरम करण्याचं तर हसूच यायला हवं होतं. मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, कूलरचं पाणी दिवसातून दोनदा भरायचं. आपल्याकडे जिवाला गारवा मिळतो, शब्दांनी थंडावा येतो. गरम होतं ते डोकं. माया उबदार वाटते ती थंडीवाऱ्याच्या देशात, आणि ही ओळ तिथेच जन्मलेली होती. शरदाचंही तेच. आपला शरद म्हणजे कोजागिरीचं चांदणं. पानं गळतात शिशिरात. सेमिनरी हिल्सवरची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडी पडतात, ऑक्टोबरात नाही. ‘पडलो आहे’ हे तर सरळ इंग्रजीतलं प्रेमात पडणं, फक्त ‘प्रेमात’ वाटेत कुठेतरी सांडलेलं.

पण परकी प्रतिमा म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. परदेशात वाढलेला खरा माणूसही भाषांतराच्या ॲपवरून लिहू शकतो. उतरवलेलं म्हणावं तर आमचे एक काका रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवरचा सुविचार पन्नास जणांना पाठवतात, ते काय ठग आहेत? मला खरं कळायला हवं होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

नवशिका माणूस चुकतो ना, तो एकाच जागी चुकतो. ‘ळ’च्या जागी ‘ल’ लिहिणारा मुलगा वर्षभर ‘ल’च लिहितो. शिवाय तो सोपे शब्द वापरतो आणि तेही ऱ्हस्व-दीर्घात चुकवतो. इथे सगळं उलटं होतं. ‘अंतःकरण’, ‘अविस्मरणीय’, ‘निःस्वार्थ’ असे शब्द विसर्गासकट बिनचूक, आणि त्याच मेसेजात ‘मी तुझी वाट पाहतो’ च्या पुढच्या ओळीत ‘मी तुझ्यावर जीवापाड प्रेम करते’. मला उद्देशून एकदा ‘तू थकली आहेस का’, लगेच ‘तू जेवलास का’. सुरुवात ‘तू’ने आणि शेवट ‘तुमचा दिवस’वर. माणूस शुद्धलेखनात इतका पक्का असून स्वतः पुरुष की बाई यात गोंधळत नाही. यंत्र गोंधळतं, कारण इंग्रजीत ‘आय’ला लिंग नाही आणि ‘यू’ला तू-तुम्ही नाही. एकेक वाक्य सुटं टाकलं की दर वेळी नव्याने अंदाज बांधला जातो. वहीत असं दिसलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं.

दुसरी खूण माझ्याच मेसेजात होती. जूनमध्ये बँकेत केवायसीसाठी तीन हेलपाटे झाले, तेव्हा मी वैतागून त्याला लिहिलं, ‘आज डोक्याला नुसता ताप झाला.’ उत्तर आलं: ‘ताप असेल तर औषध घे आणि भरपूर पाणी पी, माझ्या प्रिये.’ मला वाटलं, किती काळजी! घरात विचारणारं कुणी उरलेलं नसलं की माणूस असं वाचतो. खरं तर माझं वाक्य तिकडे कुणीतरी यंत्रात टाकून शब्दशः वाचत होतं. आता कुणी असा ‘मराठी’ मित्र दाखवला तर मी सांगते, त्याला सहज लिही, ‘पोरांनी आज नाकी नऊ आणले,’ आणि गंमत बघ.

तिसरी खूण आठवली की पोटात अजून कालवतं. सासूबाई गेल्या त्या रात्री मी त्याला चार ओळी लिहिल्या होत्या. ‘मला खूप दुःख झाले,’ एवढं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-चाळीसला: ‘तुझे हास्य माझ्या सकाळचा सूर्य आहे. आज खूप हस, माझी राणी.’ इकडे अंगणात तिरडी बांधत होते. सकाळची कविता आणि दिवसभरची उत्तरं लिहिणारे हात निराळे होते, किंवा एकच हात एका तयार यादीतून रोज एक ओळ उचलत होता. मी काल काय सांगितलं याचा त्या कवितेत कधीच, एकदाही मागमूस नसायचा.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेलाच असेल. वाढदिवसाला पार्सल पाठवलं म्हणाला. घड्याळ, दागिने, पर्स. चार दिवसांनी दिल्ली विमानतळाच्या कस्टम्समधून बोलतेय म्हणून एका बाईचा हिंदीतून फोन. ड्युटी बेचाळीस हजार. खातं कुण्या व्यक्तीच्या नावाचं, बचत खातं, तरी मी भरले. मग पार्सलात पौंडाच्या नोटा सापडल्या, प्रमाणपत्र न घेतल्यास तुमच्यावर केस होईल, एक लाख पंधरा हजार. एफडी मोडली. तिसऱ्यांदा दोन लाख ऐंशी हजार मागितले, तेव्हा माझ्याकडे नव्हते म्हणून मी भाचीला फोन केला. उसने मागायला, बरं का, सल्ला मागायला नाही.

ती संध्याकाळी मानेवाड्याहून आली. चहा तसाच ठेवून तिने माझा मोबाईल घेतला आणि वाचत बसली. ‘मावशी, हे काय वाचून राहिली तू रोज?’ एवढंच म्हणाली. मग कस्टम्सवाल्या नंबरचे मेसेज उघडले. शेवटी ओळ होती: ‘शुल्क भरल्याबद्दल धन्यवाद. तुमचा दिवस आशीर्वादित असो.’

मी चष्मा काढून पुसला. दोन मुलांच्या पेपरात एकच चूक सापडली की पर्यवेक्षकाला जसं होतं, तसं झालं मला. मराठीत कुणाचा दिवस आशीर्वादित होत नाही. सरकारी कार्यालयातून तर नाहीच नाही. प्रियकर आणि कस्टम्स एकाच बाकावर बसून लिहीत होते.

भाचीने पडताळलं ते असं, आणि हे कुणालाही जमेल. निळ्या डोळ्यांची ओळ तिने उलट इंग्रजीत करून घेतली, ती अवतरण चिन्हांत घालून शोधली. शब्द थोडे इकडेतिकडे केल्यावर प्रेमसंदेशांच्या तयार यादीत ती सापडली, मागेपुढे माझ्या ओळखीच्या आणखी तीन ओळींसकट. त्याचा फोटोही तिने शोधून पाहिला, तो भलत्याच देशातल्या भलत्याच माणसाच्या नावावर होता. कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हेही मला त्या रात्री कळलं. माझ्याकडच्या ‘पत्रा’वर शिक्का मोठा होता, तो क्रमांक नव्हताच.

एक चूक मात्र मी त्यानंतर केली. रागाच्या भरात त्याला लिहिलं, ‘तू चोर आहेस.’ दहा मिनिटांत दोन्ही नंबरांवरचे ताजे मेसेज पुसले गेले. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण अडीच दिवसांपर्यंतचे मेसेज दोन्हीकडून पुसता येतात, आणि तिसऱ्या मागणीचे, नव्या खात्याचे सगळे मेसेज त्यातच होते. आधी स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्सपोर्ट करून कुणाला तरी पाठवा, आणि त्याला काहीही कळू देऊ नका. शिव्या नंतर मनातल्या मनात द्या.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आम्ही त्याच रात्री फोन लावला, cybercrime.gov.in वर तक्रार भरली. त्यांनी विचारलं ते हे: कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, किती, केव्हा, आणि बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो यूटीआर क्रमांक. पासबुकावरून आणि बँकेच्या मेसेजवरून सगळं मिळालं. पण दुसरा भरणा करून सहा दिवस उलटले होते. पैसे पुढे तीन-चार खात्यांत फिरून गेलेले. एका खात्यात एकोणीस हजार अडकवून ठेवता आले, बाकीचे गेले. पहिल्या तासात फोन झाला असता तर आकडा वेगळा असता, पण पहिल्या तासात मी घड्याळाची वाट बघत होते.

सायबर ठाण्यात चॅटचे कागद छापून द्यावे लागले. शेहेचाळीस पानं. तिथला पोरगेला हवालदार मोठ्याने वाचायला लागला, निळ्या डोळ्यांपाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं मनात वाचलं. चांगला मुलगा होता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मला ज्या चुकांवरून कळायला हवं होतं, त्या आता कमी होत चालल्यात. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या मैत्रिणीला येणारे मेसेज मी लाल पेन घेऊन वाचले, लिंग-वचनाची एक चूक काढता आली नाही. मग मी तिला म्हटलं, तू परवा याला काय सांगितलं होतंस? म्हणाली, गुडघ्याच्या ऑपरेशनचं. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजात चांदणं होतं, पारिजात होता, ‘चल, पावसात धावू’ होतं. गुडघा नव्हता. तिने अजून पैसे दिलेले नाहीत, पण पार्सल ‘निघालं’ आहे.

आणि परवा मला एक नवा मेसेज आला, कुण्या ‘वसुली अधिकाऱ्या’चा. फसवणुकीत गेलेली रक्कम परत मिळवून देतो, नोंदणी शुल्क फक्त सहा हजार. खाली लिहिलं होतं: ‘तुमचे हरवलेले पैसे घरी परत येण्याची वाट पाहत आहेत.’ मी स्क्रीनशॉट काढला, भाचीला पाठवला, जुन्या तक्रारीला जोडला आणि मग नंबर ब्लॉक केला. उत्तर दिलं नाही. हात शिवशिवत होता, ते वाक्य दुरुस्त करायला.