ग्रुपमधला अंगठा दिसतो सगळ्यांना, कळतो एकालाच: व्हॉट्सअॅप रिअॅक्शन काही महिने वापरल्यावर

आमच्या कामाच्या ग्रुपवर एक साधी सूचना टाकली की तिच्याखाली 'ओके', 'हो', 'चालेल', 'नोटेड' यांची रांग लागायची आणि मूळ सूचना शोधायला वर वर सरकत जावं लागायचं. म्हणून ठरवलं, होकार असेल तर लिहायचं नाही, त्या मेसेजवरच इमोजी द्यायचा. काही महिने हे चालू आहे. ग्रुप शांत झाला, यात वाद नाही. पण ही सोय नेमकी कोणाला काय कळवते, हे वापरता वापरताच उमगत गेलं.

बहुतेकांच्या डोक्यात रिअॅक्शन म्हणजे लाइकच. लाइकला अर्थ एकच असतो, त्यामुळे आकडा पाहिला की काम झालं. फेसबुकने २०१६ मध्ये लाइकच्या शेजारी प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग आणले, तेव्हापासून तो आकडा फसवा झाला, कारण पोस्टखालच्या एकूण संख्येत रागावलेलेही मोजले जातात. व्हॉट्सअॅपवर मे २०२२ मध्ये रिअॅक्शन आल्या तेव्हा सहाच इमोजी होते. त्याच वर्षी जुलैपासून कुठलाही इमोजी देता येऊ लागला. मेसेजच्या कडेला दोन-चार चेहरे आणि एक संख्या दिसते, पण त्या संख्येवरून होकार किती ते कळत नाही. तिच्यावर बोट ठेवून यादी उघडली, की कोणी काय दिलं ते नावानिशी दिसतं. आणि ती यादी ग्रुपमधला कोणीही उघडू शकतो. आपण दिलेला डोळे वटारलेला चेहरा खासगी आहे, असं समजू नये.

नोटिफिकेशनचं गणित मात्र अगदी वेगळं आहे. रिअॅक्शन दिली की ते जातं फक्त तो मेसेज लिहिणाऱ्याला. बाकीच्यांचा फोन वाजत नाही, न वाचलेल्या मेसेजचा आकडाही वाढत नाही. शांतता आली ती यामुळेच. आणि गोंधळाचं मूळही हेच.

एक प्रसंग घेऊ. ग्रुपची प्रमुख लिहिते, 'उद्याची बैठक पाचला.' एक सहकारी खाली लिहितो, 'सहाला घेऊया का? पाचपर्यंत पोचणं अवघड आहे.' आठ जण त्याच्या मेसेजवर अंगठा देतात. आठही नोटिफिकेशन त्या सहकाऱ्याकडे जातात, प्रमुखाकडे एकही नाही. तिने त्याचा मेसेज आधीच वाचला असेल, तर पुन्हा ग्रुप उघडायचं तिला कारणच उरत नाही. आठ जण मनात सहा धरून बसतात आणि ती पाचला हजर. फॉरवर्ड केलेल्या सूचनेचंही तसंच: अंगठा पोचतो फॉरवर्ड करणाऱ्याला, मूळ लिहिणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून आता बदल सुचवायचा असेल तर आम्ही प्रमुखाच्या मूळ मेसेजला रिप्लाय देतो आणि नाव घालून तिला @ ने टॅग करतो. अंतिम वेळ तिने स्वतः नव्याने लिहायची, आणि अंगठे त्या मेसेजवर. मग कळायला हवं तिलाच कळतं.

दुसरी अडचण बदलाची. एका मेसेजवर एका माणसाची एकच रिअॅक्शन राहते. दुसरा इमोजी दिला की पहिला जातो. सकाळी अंगठा देणाऱ्याने दुपारी तो काढून टाकला, तर कोणी काढला याची नोंद कुठेच दिसत नाही, संख्या मुकाट्याने एकने कमी होते. उलट, नोटिफिकेशन आधीच वाचलं गेलं असेल तर घाईत दिलेला इमोजी काढूनही उपयोग नसतो. स्लॅकवर एकच माणूस एका मेसेजला अनेक इमोजी देऊ शकतो, तिथून आलेल्यांचा सुरुवातीला इथे हमखास गोंधळ होतो.

कोणीच काही दिलं नाही, याचा अर्थ कोणी पाहिलं नाही असाही नाही. आपल्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि माहितीचा पर्याय उघडायचा. तिथे कोणाला पोचला आणि कोणी वाचला, हे वेगवेगळं दिसतं. अर्थात वाचल्याची खूण बंद करणारे काही जण असले, तरी ग्रुपमध्ये ती खूण जातेच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

सेटिंग्जमध्ये Notifications खाली Reaction notifications हा पर्याय वैयक्तिक मेसेजसाठी वेगळा आणि ग्रुपसाठी वेगळा आहे. सूचना टाकणाऱ्याला दर अंगठ्याला फोन वाजणं नको असेल, तर ग्रुपचा बंद करावा. रिअॅक्शन मेसेजखाली तरीही दिसतातच. मी ग्रुपचा बंद ठेवला आहे आणि वैयक्तिक चालू, कारण एकाच माणसाने दिलेला अंगठा बहुधा मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो. तारीख किंवा वेळ ठरवायची असेल तर मात्र आम्ही आता पोल टाकतो. तिथे पर्याय लिहिलेले असतात, आणि हात जोडलेला इमोजी होकार आहे की 'मला जमणार नाही, माफ करा' आहे, यावर चर्चा होत नाही.