नोटीस मोजताना रविवार वगळला, भाडं मोजताना धरला. माझे २०,८०० रुपये गेले

डिपॉझिट ७२,००० होतं. हातात आले ४५,२००. रंगाचे म्हणून ६,००० कापले, ते सोडा. पुण्यात भिंतीला बोट न लावताही रंगाचे पैसे कापतातच. माझा संताप आहे तो उरलेल्या २०,८०० चा, कारण ते निव्वळ दिवस मोजायच्या हातचलाखीत गेले.

वारज्यातला टू बीएचके, भाडं महिना २४,०००. लीव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवलेला. त्यात स्पष्ट लिहिलंय की लॉक-इन संपल्यावर कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. लॉक-इन कधीच संपलं होतं. सोमवारी, ३१ मार्च २०२५ ला, मी मालकांना ईमेल केला, तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानेही सहीचं पत्र पाठवलं. म्हणजे १ एप्रिल ते ३० एप्रिल, महिना पूर्ण. ३० तारखेला घर रिकामं करून एजंटच्या हातात किल्ल्या दिल्या.

आठ दिवसांनी मालकांचा हिशोब आला: नोटीस २६ मे रोजी संपते, सबब मे महिन्याचे २६ दिवस, रोज ८०० प्रमाणे, वजा.

मला वाटलं आकडा चुकला असेल. फोन केला. मालक नाशिकला असतात, निवृत्त गृहस्थ, मी त्यांना काकाच म्हणायचे. काका म्हणाले, "अगं, तूच सही केली आहेस. तीस वर्किंग डेज, आणि तेही मी पोच दिल्यापासून. मूव्ह-इन फॉर्म बघ ना."

आणि मग तो फॉर्म मला आठवला. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी एजंटने एक कागद पुढे केला होता. पंखे पाच, ट्यूबलाइट सहा, गीझर दोन, किचन ट्रॉल्या, पडद्यांचे रॉड. मी बाथरूममध्ये गीझरखाली टपकणाऱ्या पाण्याकडे बघत होते, हमाल खालून हाका मारत होते, आणि हा माणूस पेन उघडून उभा. "ताई, फक्त सामानाची यादी आहे, इथे एक सही." यादीच्या खाली, पडद्याच्या रॉडनंतर, बारीक इंग्रजीत दोन ओळी होत्या. करार झालेला, बायोमेट्रिकवर अंगठे झालेले, स्टॅम्प ड्युटी भरलेली. त्यानंतर पंख्यांच्या यादीत नोटीसची अट लपलेली असेल असं कुणाच्या डोक्यात येईल? मी दिवसभर ऑफिसात बिलंच तपासते, मला वाचायचा कंटाळा नाही. पण सामानाच्या यादीत माणूस सामानच तपासतो! यादीवर सही मागितली तर शेवटच्या नगाखाली आडवी रेघ मारा आणि मगच सही करा.

आता हिशोब कसा फिरवलाय ते बघा. स्पीड पोस्ट नाशिकला ४ एप्रिलला पोचलं, ट्रॅकिंगमध्ये दिसतंय. काकांच्या मुलाने घेतलं. काकांनी मात्र "मिळालं" असं उत्तर ७ एप्रिलला दिलं. त्यांची मोजणी तिथून सुरू. सुरुवातीची तारीख त्यांच्या मर्जीची! पोच महिनाभर दिलीच नसती तर माझी नोटीस महिनाभर सुरूच झाली नसती. म्हणून "पोच दिल्यापासून" असं कुठेही दिसलं की तिथेच थांबा.

पुढे शनिवार-रविवार वगळले. १० एप्रिल महावीर जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, १८ ला गुड फ्रायडे, १ मे महाराष्ट्र दिन, १२ मे बुद्ध पौर्णिमा, सगळं वगळलं. असं करत तिसावा दिवस येतो २६ मे. मी स्वतः कॅलेंडर घेऊन बसले, मोजणी बरोबर आहे. पण ७ एप्रिलपासूनच साधा महिना धरला असता तर ७ मे आला असता, म्हणजे ५,६०० रुपये. उरलेले १५,२०० फक्त "वर्किंग" या एका शब्दाचे. आणि ईमेलची तारीख धरली तर शून्य.

भाडं लावताना मात्र १ ते २६ मे, सलग. त्यात चार रविवार आहेत, महाराष्ट्र दिन आहे, बुद्ध पौर्णिमाही आहे. नोटीसला सुट्टी असते, भाड्याला नसते? हे विचारल्यावर काकांनी फोन ठेवला.

याहून चीड आणणारी गोष्ट शेजारच्या मावशींकडून कळली. ८ मे रोजी त्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरूंचा टेंपो लागला. म्हणजे तेव्हापासून २६ पर्यंत एकाच घराचं भाडं दोघांकडून.

पोलीस चौकीत गेले. "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे." अर्जाची पोच मागितली तर साहेब राउंडला गेलेत. दुय्यम निबंधकांकडे गेले, ते म्हणाले, "आम्ही नोंदणी करतो, भांडणं सोडवत नाही." नोंदणीच्या पैशांत काय येतं मग, नुसता शिक्का? भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा असं कुणीतरी सांगितलं. तिथे कळलं की ती सोय मालकाला घर परत मिळावं म्हणून आहे. मुदत संपून भाडेकरू निघाला नाही तर कलम २४ प्रमाणे त्याच्याकडून दुप्पट भाडं घेता येतं. भाडेकरूच्या डिपॉझिटसाठी तिथे अर्ज नाही, खिडकी नाही, काही नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हात वर केले, पण शिफ्टिंग चार्जेस घ्यायला तेच सगळ्यात आधी हजर होते.

शेवटी वकील गाठला. त्यांनी सांगितलं ते आधी माहीत असतं तर हिशोब आल्या दिवशीच लेखी हरकत घेतली असती. ती तुम्ही नक्की घ्या. नुसतं फोनवर भांडून काही उरत नाही. त्यांचं म्हणणं, नोंदवलेल्या करारात "महिना" आहे, आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, सुट्ट्यांसकट. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये कायद्यांपुरती व्याख्या हीच आहे आणि करार वाचतानाही साधारण तसंच धरतात. नोटीसचा पहिला दिवस सोडून पुढून मोजायचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ईमेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडला की मिळाला, त्याने उघडला कधी हा त्याचा प्रश्न. फक्त करारात वेगळं ठरलं असेल तर ते चालतं, आणि काका नेमकं तिथेच बोट ठेवणार. पण न नोंदवलेल्या यादीने नोंदवलेली अट बदलली हे कोर्टात टिकवणं त्यांना जड जाईल. शिवाय घर दुसऱ्याला दिल्यावर नुकसान कसलं?

हे सगळं लघुवाद न्यायालयात सांगायचं. तारखा, फी आणि ऑफिसच्या रजा धरल्या तर २०,८०० तिथेच संपतील. काकांनाही हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्याच जोरावर चाललंय सगळं. तरीही वकिलाची नोटीस पाठवली आहे. सोबत ईमेल, ट्रॅकिंगची प्रिंट आणि किल्ल्या दिल्याचा एजंटचा मेसेज. किल्ल्या देताना तो मेसेज मागून घ्याच.

नवीन घराच्या करारात मी नोंदणीआधीच मसुद्यात घालून घेतलं: "नोटीस खालील ईमेल पत्त्यावर पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० कॅलेंडर दिवस, सुट्ट्या धरून, पोच आवश्यक नाही, या कराराबाहेरच्या कोणत्याही कागदाने ही अट बदलणार नाही." मालकीणबाईंनी वाचून लगेच मान्य केलं. कुरकुर केली ती फक्त एजंटने.